पोत्याची शिवण, पोत्यावरील छापा आणि तांदळाचे छायाचित्र
(लेखक : एक घाऊक धान्य व्यापारी, मादन हिप्परगा)

आपल्या सीमाभागात बासमती पिकत नाही, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा अर्थ आपण पुरतेपणी ध्यानात घेतलेला नाही. तूर हे आपले घरचे पीक आहे. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून आपले वाडवडील मूठभर तूर तळहातावर घेऊन ती कोणत्या शिवारातील, किती वाळलेली आणि किती सुटीची हे सांगत आले आहेत. तुरीच्या डाळीत लाखीची डाळ मिसळली असेल तर ती ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. लाखीचा दाणा कोनदार, एका बाजूस उतरता असतो. तुरीची डाळ गोलसर असते. दोन्ही डाळी ताटात पसरून त्यांचे छायाचित्र काढले, तरी जाणत्या माणसास ते छायाचित्र पाहून भेसळ दिसते. या सवयीमुळेच आपल्यापैकी अनेकांनी असे गृहीत धरले आहे की, जे तुरीत दिसते ते तांदळातही दिसेल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे की, हे गृहीतक बासमतीच्या बाबतीत टिकत नाही हे सप्रमाण दाखवावे आणि आपल्या संघापुढे त्यासंबंधी एक सूचना मांडावी.

बासमती या नावास २०१६ च्या फेब्रुवारीत भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानुसार पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेशातील जिल्हे आणि जम्मू भागातील काही जिल्हे एवढ्याच प्रदेशात पिकलेल्या, मान्यताप्राप्त वाणांच्या तांदळास बासमती म्हणता येते. म्हणजे मादन हिप्परग्याच्या दुकानात उभे असलेले बासमतीचे प्रत्येक पोते फार लांबची वाट तुडवून आलेले असते. गिरणी, तेथील दलाल, मालमोटार, मोठ्या शहरातील घाऊक पेढी, आपल्यासारखा तालुक्याचा घाऊक व्यापारी आणि शेवटी गावचा दुकानदार, इतके हात त्यास लागलेले असतात. गिऱ्हाईक मात्र शेवटच्या हातालाच ओळखते. तक्रार झाली तर ती त्याच्याच दारी येते, आणि अलीकडे ती तोंडी येत नाही. भ्रमणध्वनीवरील छायाचित्र होऊन ती आधी साऱ्या गावात फिरते व मग दुकानी पोहोचते. म्हणून या पोत्याकडून काय काय जाणून घेता येते आणि काय येत नाही, याचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम शिवणीचा विचार करू. पोत्याचे तोंड यंत्राने शिवतात, तेव्हा जो टाका पडतो तो साखळीचा टाका असतो. दोन दोऱ्यांच्या शिवणीत पोत्याच्या एका अंगास सरळ रेघ दिसते आणि दुसऱ्या अंगास एकात एक गुंतलेल्या कड्यांची साखळी दिसते. या टाक्याचा गुण असा की, योग्य टोक कापून ओढले म्हणजे सगळी शिवण एका दमात उसवते. हमाल पोते फोडताना हेच करतो. जी गोष्ट हमालास साधते ती भेसळ करणारासही साधते. पोते न फाडता उघडावे, आतील दहा किलो काढावे, दुसरे दहा किलो घालावे आणि हातातील लहान शिलाई यंत्राने पुन्हा शिवून टाकावे, यास फार वेळ लागत नाही. दोरा म्हणजे कुलूप नव्हे, हे यावरून स्पष्ट होईल.

तथापि पोते उघडल्याची खूण राहते. आणि ती दोऱ्यावर नव्हे, तर कापडावर राहते. जुन्या काळी तागाच्या बारदानात सुईचे छिद्र हाताने चोळले की बुजून जाई. साध्या विणीच्या प्लास्टिक पोत्यातही पट्ट्या सरकून छिद्र बरेचसे मिटते. परंतु बासमतीची आजची बहुतेक पोती चकचकीत छापील पापुद्रा चिकटवलेली असतात. या पापुद्र्यास एकदा सुई टोचली की ते छिद्र कायमचे राहते. म्हणून पोत्याच्या तोंडाची दुमड उजेडासमोर धरून पाहावी. शिवणीच्या जोडीला रिकाम्या छिद्रांची दुसरी ओळ पोत्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली दिसली, तर ते पोते एकदा शिवले गेले, उसवले गेले आणि पुन्हा शिवले गेले, एवढे निश्चित म्हणता येते.

येथे दोन गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पहिला असा की, तळाचा दोरा एका रंगाचा आणि तोंडाचा दुसऱ्या रंगाचा दिसला म्हणजे काही दगा आहे असे पुष्कळ लोक समजतात. वास्तविक तळ शिवतो पोती बनविणारा कारखाना आणि तोंड शिवते तांदळाची गिरणी. तेव्हा दोन रंग असणे अगदी स्वाभाविक आहे. तुलना करावयाची ती तळाशी नव्हे, तर त्याच खेपेतील इतर पोत्यांच्या तोंडाशी. दहा पोत्यांपैकी नऊ पोत्यांची तोंडे एका मापाच्या टाक्यांनी शिवलेली आहेत आणि एकाचे टाके लांबआखूड, दुमड तिरपी, दोरा वेगळ्या जातीचा, असे असेल तर ते एक पोते बाजूस काढावे. तळही तसाच तपासावा; कारण हुशार माणूस तोंडाला हात न लावता तळ उसवतो.

दुसरा गैरसमज असा की, दुहेरी शिवण दिसली की भेसळ सिद्ध झाली. गिरणीत शिवताना दोरा मध्येच तुटतो, तेव्हा कामगार तेवढ्या भागावरून यंत्र पुन्हा फिरवतो. अशी दुहेरी शिवण वीतभरच असते आणि दोरा तोच असतो. वजन कमी भरले म्हणून गिरणीने पोते उघडून पुरे केलेले असते, किंवा वाटेत फाटलेले पोते मालमोटारवाल्याने दाभणाने टाचलेले असते. शिवण एवढेच सांगते की पोते उघडले गेले होते. कोणी उघडले आणि का उघडले, ते ती सांगत नाही. आणि उलट बाजूने पाहता ही मर्यादा अधिकच मोठी आहे. मिश्रण जर गिरणीतच झाले असेल, तर त्यावर पडलेली शिवण अत्यंत सुरेख असणार. मोठ्या प्रमाणावरील मिश्रण पोत्यात होत नाही, ते पोते भरण्याच्या आधी होते. म्हणून बिघडलेली शिवण संशयास जागा देते. पण चांगली शिवण निर्दोषपणाचे प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

आता छाप्याकडे वळू. छाप्याविषयी एक मूलभूत गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचे सोपे होते. पोत्यावरील रंगीत चित्र, मुद्रा, नाव, बिर्याणीचे ताट हे सर्व पोते तयार होताना हजारोंच्या संख्येने छापले जाते. त्या वेळी त्यात पडणारा तांदूळ कदाचित शेतातसुद्धा उभा नसतो. तांदूळ भरताना त्यावर जी एक-दोन ओळींची खूण उमटते, म्हणजे भरल्याची तारीख, खेपेचा क्रमांक आणि किंमत, तेवढीच त्या तांदळाची असते. थोडक्यात, छापा पोत्याचा आणि शिक्का तांदळाचा. जो माणूस चित्राची चकाकी पाहतो तो पोते विकत घेतो. तांदूळ घेणाराने शिक्का पाहावा. शिक्का पुसून दुसरा मारलेला आहे काय, एकावर एक दोन तारखा आल्या आहेत काय, एकाच खेपेच्या पोत्यांवर भिन्न क्रमांक आहेत काय, हे पाहण्यास चष्मा आणि दोन मिनिटे एवढीच सामग्री लागते. नामांकित मुद्रेची रिकामी पोती भंगारात विकली जातात, हे आपण सर्व जाणतो. अशा पोत्यात पुन्हा तांदूळ भरला की चित्र खरेच राहते, शिवण नवी होते आणि तारीख मात्र खोटे बोलू लागते.

छाप्यातील दुसरी वाचण्याजोगी गोष्ट म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक. पहिला अंक सोडून पुढील दोन अंक राज्याचे असतात. केंद्रीय परवान्यात तेथे दोन शून्ये येतात. त्यापुढील दोन अंक परवाना दिल्याचे वर्ष दाखवितात. म्हणजे ज्या पोत्यावर हरियाणातील गिरणीचा पत्ता आहे पण क्रमांक दुसऱ्याच राज्याचा आहे, तेथे विचारावे की तांदूळ भरला कोणी. कदाचित उत्तर प्रामाणिक असेल. गिरणीने सुटा माल पाठविला आणि दुसऱ्या राज्यातील पेढीने तो भरला असेही असू शकते. पण विचारले पाहिजे. हा क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घालून परवाना कोणाच्या नावे आहे आणि तो चालू आहे की नाही हेही पाहता येते.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'बासमती' हा शब्द पोत्यावर कोठे आणि कशा रीतीने आला आहे ते वाचावे. मोठ्या अक्षरांत एखादे राजेशाही नाव, खाली बिर्याणीचे चित्र आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'लांब दाण्याचा तांदूळ' असे असेल, तर विकणाराने बासमती दिला असे म्हणताच येत नाही. त्याने खोटे छापलेले नाही. आपण चित्र वाचले आणि अक्षरे वाचली नाहीत, एवढेच. याच संदर्भात वजनाचाही उल्लेख केला पाहिजे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोंपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसू लागला आणि लगेच आपल्या भागात सव्वीस किलोंची पोती दिसू लागली. यात बेकायदा काही नाही. परंतु वजनमापांच्या २०११ च्या वेष्टन नियमांतही पंचवीस किलोंहून मोठी पोती किरकोळ वेष्टनांतून वगळलेली होती. म्हणजे एका किलोच्या वाढीने कर वाचला आणि त्याबरोबर पोत्यावर जे छापणे सक्तीचे होते त्यातीलही काही भाग गळाला. सव्वीस किलोंच्या पोत्यावरील छापा अपुरा दिसला, तर त्याचे कारण हेही असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

एवढे झाल्यावर मुख्य विषयाकडे, म्हणजे दाण्यांच्या छायाचित्राकडे येतो. हल्ली वानगी टपालाने येत नाही, व्हॉट्सॲपवर येते. काळ्या कागदावर पसरलेले पांढरेशुभ्र दाणे पाहून लाखालाखाचे सौदे होतात, आणि तशाच छायाचित्रावरून एखाद्या दुकानदारास भेसळ करणारा ठरविले जाते. दोन्ही गोष्टी सारख्याच धोक्याच्या आहेत.

छायाचित्र काही गोष्टी खरोखर दाखवते, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. तुकड्याचे प्रमाण, पोटात पांढरे असलेले दाणे, पिवळे व डागी दाणे, साळ, काडीकचरा, किडा हे त्यात दिसते. कच्चा तांदूळ आणि सेला यांतील फरक दिसतो, कारण सेल्याचा दाणा मधाळ, पारदर्शक असतो. आखूड जाड तांदूळ लांब तांदळात मिसळला असेल तर तोही दिसतो. परंतु बासमतीत आखूड जाड तांदूळ कोण मिसळणार? मिसळणारा असाच दाणा निवडतो की जो लांब आहे, बारीक आहे आणि स्वस्त आहे. शरबती, सुगंधा आणि लांब दाण्याचे काही संकरित वाण हे त्या कामी येतात. २००३ साली प्रसारित झालेला आणि २००८ मध्ये बासमती म्हणून अधिसूचित झालेला पुसा ११२१ हा वाण आज बाजारात सर्वांत परिचित आहे. त्याचा कच्चा दाणा सुमारे सव्वाआठ मिलिमीटर असतो. शरबतीचा दाणा सुमारे सात मिलिमीटर असतो, म्हणून तो मोजपट्टीवर पकडला जातो. सुगंध्याचा दाणा मात्र ११२१ च्या इतका जवळ जातो की नुसत्या लांबीवरून निवाडा करणे कठीण होते. तुरीत लाख मिसळणे म्हणजे दोन आकार एकत्र आणणे होय. बासमतीत सुगंधा मिसळणे म्हणजे एकाच आकाराची दोन कुळे एकत्र आणणे होय. छायाचित्र आकार टिपते. कूळ टिपण्याचे साधन ते नव्हे.

आकाराच्या बाबतीतही छायाचित्रावर डोळे मिटून विसंबता येत नाही. भ्रमणध्वनीचे रुंद भिंग चौकटीच्या कडेला असलेल्या वस्तू ताणून दाखवते. म्हणून मध्यावरचा दाणा आणि कडेचा दाणा एकाच लांबीचे असूनही वेगळे दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवली, पण पट्टी जाड असून तिचे आकडे दाण्यापेक्षा वरच्या पातळीवर असले, तरी माप चुकते. रंगाचे तर विचारूच नये. यंत्र आपल्या मर्जीने पिवळेपणा काढून टाकते आणि जुना तांदूळ नव्यासारखा किंवा नवा जुन्यासारखा दिसतो. शिवाय आखूड दिसणारा दाणा परका आहे की मोडका आहे, हे ठरविण्यास त्याची दोन्ही टोके पाहावी लागतात. अखंड दाण्याच्या एका टोकास अंकुर निघून गेल्याची लहानशी खाच असते आणि दुसरे टोक निमुळते असते. मोडका दाणा एका टोकास बोथट असतो. पालथ्या पडलेल्या दाण्याची खाच छायाचित्रात दिसत नाही.

सर्वांत मोठी अडचण संख्येची आहे. बासमतीच्या एका ग्रॅममध्ये ढोबळ मानाने चाळीस ते पन्नास अखंड दाणे येतात. त्या हिशेबाने सव्वीस किलोंच्या पोत्यात दहा ते तेरा लाख दाणे झाले. छायाचित्रात दिसतात फार तर दोनशे. युरोपमधील व्यवहारसंहितेत बासमतीमध्ये परक्या तांदळास शेकडा सातपर्यंत मुभा ठेवलेली आहे. ती मर्यादा उदाहरणादाखल घेऊ. सबंध पोत्यात बरोबर शेकडा सात परके दाणे सारखे मिसळलेले आहेत आणि प्रत्येक परका दाणा आपणांस ओळखता येतो असे मानले, तरी दोनशे दाण्यांच्या एका मुठीत ते कधी आठ येतील, कधी वीस येतील. आठ येणारी मूठ पाहणारा म्हणेल माल चोख आहे. वीस येणारी मूठ पाहणारा म्हणेल दगा झाला. दोघांच्या हाती एकाच पोत्यातील तांदूळ आहे. त्यातून विकणारा मूठ निवडून घेत असेल आणि तक्रार करणाराही निवडून घेत असेल, तर त्या छायाचित्राची किंमत काय राहिली, याचा वाचकांनीच विचार करावा.

एक प्रकरण तपशिलाने सांगतो. शेजारच्या एका गावच्या किरकोळ दुकानदाराने सव्वीस किलोंची तीन पोती एका पेढीकडून आणली. त्यांपैकी एक पोते लग्नघरी गेले. भात काही ठिकाणी मोकळा, काही ठिकाणी गिजगा झाला, आणि संध्याकाळपर्यंत मूठभर तांदळाचे छायाचित्र 'हा बासमती नव्हे' या मथळ्यासह गावोगाव पोहोचले. दुकानदार भला माणूस. दोन दिवस त्याच्या दुकानी गिऱ्हाईक फिरकले नाही. आम्ही तिघे-चौघे व्यापारी त्याच्याकडे बसलो आणि छायाचित्र बाजूस ठेवून पोती मागविली. लग्नघरचे पोते उघडलेले होते, तथापि त्याची दुमड शाबूत होती. तिच्यावर छिद्रांच्या दोन ओळी होत्या, दोन्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुकानातील न उघडलेल्या दोन पोत्यांच्या तोंडावर एकच ओळ होती. तिन्ही पोत्यांचा शिक्का एकाच तारखेचा व एकाच खेपेचा होता.

मग परखीने प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळातून तांदूळ काढला, एकत्र केला आणि त्यातून अखंड दाणे वेचले. दहा दाणे टोकास टोक लावून पट्टीवर ठेवले म्हणजे हिशेब सोपा होतो. न उघडलेल्या पोत्यांतील दहा दाण्यांची लांबी प्रत्येक वेळी एक्याऐंशी ते चौऱ्याऐंशी मिलिमीटर भरली. लग्नघरच्या पोत्यातील दहा दाणे एकदा ब्याऐंशी भरले, एकदा शहात्तर, एकदा एकोणऐंशी. सरासरीपेक्षा ही चढउतारच अधिक बोलकी होती. दोनशे अखंड दाणे, दोन्ही टोके पाहून, लांब आणि आखूड असे वेगळे केले. आखूड अडतीस निघाले. दोन्ही ढिगांतील दहा-दहा दाणे अर्धा तास भिजवून, वेगवेगळ्या फडक्यांत बांधून, एकाच पातेल्यात दहा मिनिटे उकळले. लांब दाणे शिजून दुपटीच्या वर वाढले. आखूड दाणे दीडपटीच्या आसपास राहिले आणि पोटाशी फुगले. एकाच पातेल्यात काही भात मोकळा आणि काही गिजगा का झाला, याचे उत्तर येथे मिळाले. दोन जातींचा तांदूळ एका वेळेत शिजत नाही.

यावरून आम्ही एवढेच ठरविले की, गिरणीतून निघाल्यावर व लग्नघरी पोहोचण्यापूर्वी ते पोते उघडले गेले आणि त्यात आखूड जातीचा लांबट तांदूळ पडला. दुकानातील उरलेली पोती तशीच शाबूत होती आणि त्याच्याकडे पोते शिवण्याचे यंत्रही नव्हते. पेढीने काही कबूल न करता पोते बदलून दिले. कोणी केले हे ठरविण्यास आमच्याजवळ साधन नव्हते व आम्ही ते ठरविले नाही. त्याचप्रमाणे लांब दाणे खरोखर ११२१ चेच होते की त्यांतही सुगंधा होता, हेही आम्हांस सांगता आले नाही. पट्टी आणि पातेले तेथे थांबतात. शिजण्याच्या चाचणीसही मर्यादा आहेत. नुकताच सडलेला नवा तांदूळ अस्सल असूनही कमी वाढतो व चिकटतो. म्हणून न वाढलेला प्रत्येक भात भेसळीचा, असा नियम करता येत नाही. वासावर जावे, तर ११२१ चा वास मुळातच मंद, आणि वरून सुवास लावण्याची युक्ती जुनीच आहे.

कूळ ठरवावयाचे तर डीएनए तपासणी हाच मार्ग आहे आणि त्याची सोय आपल्यापासून फार दूर नाही. हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग केंद्राने बासमतीतील मिश्रण ओळखण्याची पद्धत विकसित केली असून निर्यातीच्या मालासाठी ती उपयोगात आली. मेरठजवळ मोदीपुरम येथेही बासमती निर्यात विकास प्रतिष्ठानची प्रयोगशाळा आहे. या तपासणीचे महत्त्व इंग्लंडमध्ये लोकांच्या प्रत्ययास आले. तेथील अन्न खात्याने बासमती म्हणून विकले जाणारे तीनशे त्रेसष्ट नमुने तपासून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी शेकडा शेहेचाळीस नमुन्यांत परका तांदूळ सापडला. ते नमुने सुंदर वेष्टनांत होते आणि शिवणीचा प्रश्नच तेथे नव्हता. डोळ्यांना जे वर्षानुवर्षे दिसले नाही ते तपासणीने दाखविले. आपल्या देशातही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरविलेली बासमतीची मानके १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. त्यांत दाण्याची लांबी, शिजल्यावरची वाढ, ओलावा, नैसर्गिक सुवास आणि इतर तांदळाचे प्रमाण यांचा विचार आहे. छायाचित्राने कसे दिसावे, असे कलम त्यांत नाही.

छायाचित्राने किती अनर्थ होतो हे आपण पूर्वी पाहिलेले आहे. २०१७ च्या जूनमध्ये तेलंगण, आंध्र आणि आपल्या कर्नाटकात 'प्लास्टिकचा तांदूळ' आल्याची आवई उठली. भाताचे चेंडू उडविल्याची चलच्चित्रे घरोघर फिरली. शिजलेला भात पिळून गोळा केला की तो पिठुळपणामुळे उसळी घेतो, हे कोणतीही गृहिणी सांगेल. पण चित्र पाहिल्यावर तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. त्या दिवसांत ज्या दुकानदारांच्या दारी लोक जमले, त्यांचा काय अपराध होता?

याची दुसरी बाजूही आपण व्यापाऱ्यांनी विसरू नये. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' स्पष्टपणे गणला आहे, म्हणजे चांगल्या वस्तूत तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू मिसळून विकणे. शब्द मोठा अचूक आहे. दोष 'सारखे दिसण्या'च्या आधारे केलेल्या व्यवहाराचा आहे. तेव्हा 'छायाचित्र दाखविले होते, तुम्ही पसंत केले होते', हा बचाव आपल्या तोंडी शोभत नाही. ज्या गोष्टी छायाचित्रात दिसूच शकत नाहीत, त्यांची जबाबदारी छायाचित्र पाठवून टळत नाही.

म्हणून संघापुढे माझी सूचना पुढीलप्रमाणे आहे. बासमतीचा कोणताही सौदा सभासदांनी केवळ छायाचित्रावर पक्का करू नये. माल उतरताना प्रत्येक दहा पोत्यांमागे एका पोत्यातून वरून, मधून व तळातून वानगी घ्यावी. ती अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन पिशव्यांत भरून दोन्हींवर आणणाराची व घेणाराची सही घ्यावी आणि एक पिशवी माल संपेपर्यंत जपून ठेवावी. बिलावर 'बासमती' एवढेच न लिहिता वाण, कच्चा की स्टीम की सेला, आणि खेपेचा क्रमांक लिहावा. तक्रार आल्यास प्रथम पोत्याची दुमड व शिक्का पाहावा, मग पट्टी, मग पातेले. त्यावरही वाद मिटला नाही आणि रक्कम मोठी असली तर जपलेली पिशवी प्रयोगशाळेत धाडावी व खर्च हरणाराने सोसावा, असा ठराव संघाने करून ठेवावा. लहान दुकानदारास तो खर्च एकट्याने झेपणारा नाही, म्हणूनच हे काम संघाचे आहे.

आणि यापुढे कोणा सभासदाविरुद्ध तांदळाचे छायाचित्र पुढे आले, तर पोते, शिवण आणि वानगी समोर येईपर्यंत संघाने त्यावर मत देऊ नये. मूठभर दाण्यांच्या चित्रावरून एका कुटुंबाची तीन पिढ्यांची पत ठरविणे हा न्याय नव्हे, आणि त्याच चित्रावरून लाखाचा माल घेणे हा व्यापार नव्हे.